बिनसाखरेचा चहा आणि आठ बिस्किटं : पुड्यामागचे ‘अ‍ॅडेड शुगर’ आणि ‘ट्रान्स फॅट’ वाचायचे कसे?

मंगळवेढा (प्रतिनिधी) : तालुक्यातल्या एका घरातली ही गोष्ट. घरातल्या मामांना शुगर निघाली. डॉक्टरांनी साखर बंद करायला सांगितली, मामांनी चहातली साखर त्याच दिवसापासून बंद केली. आधी सकाळ-संध्याकाळच्या दोन कपांत मिळून चार चमचे साखर जायची, ती शून्यावर आली. पण बिनसाखरेचा चहा घशाखाली उतरेना, म्हणून सोबत बिस्किटं सुरू झाली. ती साधी नव्हेत, पुड्यावर गव्हाची लोंबी छापलेली, आटा आणि फायबर लिहिलेली, दुकानदारानं ‘शुगरवाल्यांना हीच देतो’ म्हणून दिलेली. सकाळी चार, संध्याकाळी चार. दोन महिन्यांनी तपासणी केली तर आकडा म्हणावा तसा खाली आलेला नाही.

सूनबाईंनी पुडा उलटा केला आणि मागचा बारीक चौकोन वाचायला घेतला. ‘मामा, साखर बंद केलीय म्हणता, पण ही बघा, हितं बसलीय,’ असं त्या म्हणाल्या तेव्हा मामांचा विश्वास बसला नाही. ‘अगं, गोड तरी कुठं लागतंय फारसं?’ हा त्यांचा प्रश्न. तो रास्तच आहे. जिभेला फारसं गोड न लागणाऱ्या वस्तूतही साखर बरीच असू शकते. ती पुड्याच्या मागच्या तक्त्यात छापलेली असते, पण तो तक्ता वाचायची सवय आपल्याला नाही.

खरं तर शेतकऱ्याला हा तक्ता अवघड जायला नको. खताच्या गोणीवर 10:26:26 लिहिलेलं असतं तेव्हा शंभर किलोत दहा किलो नत्र, म्हणजे पन्नास किलोच्या गोणीत पाच किलो, हा हिशेब आपण बांधावर उभ्या उभ्या करतो. बिस्किटाच्या पुड्यावरचा ‘पर 100 ग्रॅम’ हा रकाना तसाच आहे. शंभर ग्रॅम मालात अमुक ग्रॅम साखर, तमुक ग्रॅम चरबी. पोटात किती ग्रॅम माल गेला ते आपण काढायचं, बाकी त्रैराशिक.

आठ बिस्किटांचा हिशेब

मामांच्या पुड्यावर शंभर ग्रॅममागे असे आकडे होते : कार्बोहायड्रेट 68 ग्रॅम, त्यात टोटल शुगर 21 ग्रॅम, त्यात अ‍ॅडेड शुगर 20 ग्रॅम. एका बिस्किटाचं वजन पुड्यावर लिहिलेलं नव्हतं. ते काढणं सोपं आहे, पुड्याचं निव्वळ वजन भागिले आतली बिस्किटं. ते आठ ग्रॅम भरलं. दिवसाची आठ बिस्किटं म्हणजे 64 ग्रॅम. शंभराला वीस, तर चौसष्टला 12.8 ग्रॅम साखर. चहाचा सपाट चमचा चार ग्रॅमच्या आसपास भरतो. म्हणजे मामांनी कपातले चार चमचे सोडले आणि बिस्किटातून तीनपेक्षा थोडे जास्त परत घेतले.

आता त्याच तक्त्यातला शेजारचा रकाना बघा. त्यात ‘पर सर्व्ह’ आणि टक्के लिहिलेले असतात. ‘सर्व्ह’ म्हणजे कंपनीनं ठरवलेला एका वेळचा घास. या पुड्यावर तो दोन बिस्किटांचा, 16 ग्रॅमचा होता. दोन बिस्किटांत अ‍ॅडेड शुगर 3.2 ग्रॅम, आणि टक्के फक्त सहा. हा आकडा खोटा नाही. पण दोन बिस्किटं खाऊन पुडा बंद करून ठेवणारा माणूस आपल्या गावात शोधूनच काढावा लागेल. आठ खाल्ली की तेच सहा टक्के पंचवीसच्या वर जातात.

हे टक्के कशाचे, तेही कळायला हवं. आपल्याकडं खाद्यपदार्थांचे नियम एफएसएसएआय ही केंद्राची संस्था करते. तिच्या लेबलच्या नियमांत दिवसाला 2000 कॅलरी खाणारा माणूस धरून अ‍ॅडेड शुगरसाठी 50 ग्रॅम हा आकडा ठरवलेला आहे. टक्के त्याच्यावर काढतात. हा आकडा ‘इतकी साखर खावीच’ असा नसून याच्या वर जाऊ नये असा आहे. जागतिक आरोग्य संघटना तर त्याच्या निम्म्यावर, 25 ग्रॅमच्या आत राहिलेलं अधिक बरं असं सांगते. लहान पोराचा आहार मोठ्या माणसाइतका नसतो, त्यामुळं त्याची मर्यादा आणखी खाली येते. पण पुड्यावरचे टक्के मोठ्या माणसाचेच छापलेले असतात, पुडा पोरांसाठीचा असला तरी.

टोटल आणि अ‍ॅडेड, दोन ओळी कशाला?

डेअरीवर दूध घालणाऱ्याला हे लगेच समजेल. दुधाचं फॅट आणि एसएनएफ मोजतात. त्या एसएनएफमधला सगळ्यात मोठा वाटा दुधातल्या नैसर्गिक साखरेचा, म्हणजे लॅक्टोजचा असतो. शंभर मिली दुधात ती साडेचार-पाच ग्रॅम भरते. ती कुणी घातलेली नाही, गाईनंच दिलेली आहे. म्हणून साध्या दुधाच्या पिशवीवर टोटल शुगर पाचेक ग्रॅम दिसते आणि अ‍ॅडेड शुगर शून्य. त्याच दुधाचं बाटलीतलं केशर-वेलची दूध घेतलं आणि तिथं टोटल 11 व अ‍ॅडेड 6 दिसलं, तर वरचे सहा ग्रॅम कारखान्यात पडलेले आहेत. दोनशे मिलीच्या बाटलीत बारा ग्रॅम, तीन चमचे.

म्हणून दूध किंवा फळ असलेल्या वस्तूत दोन्ही ओळी बघायच्या. बिस्किटात दुधाचा अंश थोडा असतो, त्यामुळं टोटल आणि अ‍ॅडेड जवळजवळ सारखेच येतात. मामांच्या पुड्यावर 21 आणि 20 होते ते त्यामुळंच.

घातलेली साखर घटकांच्या यादीत मात्र एकाच नावानं येत नाही. यादीचा नियम असा की ज्या घटकाचं वजन जास्त तो आधी. मैदा पहिला असेल तर त्या बिस्किटात मैदाच सगळ्यात जास्त, पुढच्या बाजूला लोंबी छापलेली असो की नांगर. (लोंबी आणि ‘आटा’ शब्द ठळक छापला असेल तर आट्याचं प्रमाण यादीत टक्क्यांत द्यावं लागतं. मामांच्या पुड्यावर मैदा पहिला होता आणि आटा त्याच्या खाली.) साखर ‘शुगर’ म्हणून एका ठिकाणी दिसते. पुढं ‘इन्व्हर्ट सिरप’, ‘लिक्विड ग्लुकोज’, ‘डेक्स्ट्रोज’, ‘फ्रुक्टोज’, ‘हनी’, ‘जॅगरी’ अशी नावं दिसली तर तीही साखरच आहे. इन्व्हर्ट सिरप म्हणजे साखरेचंच पाणी, तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे केलेलं. एक साखर तीन नावांनी विभागली की यादीत प्रत्येक नाव खाली सरकतं. तक्त्यातल्या अ‍ॅडेड शुगरच्या ओळीत मात्र सगळ्यांची बेरीज यायला हवी. म्हणून यादी वाचून गोंधळ झाला तर ती एक ओळ धरावी.

गुळाचं नाव आलं की आपल्या भागात वाद होतो. गूळ आपल्याच उसाचा, त्यात थोडी खनिजं आहेत, चव आहे, सगळं खरं. पण त्याचा बहुतेक भाग साखरच आहे आणि रक्तात गेल्यावर तो साखरेसारखाच वागतो. पुड्यावर ‘गुळाची बिस्किटं’ लिहिलं असेल तरी मधुमेहाच्या माणसानं अ‍ॅडेड शुगरची ओळ वाचूनच पुडा घ्यावा.

हा हिशेब कळल्यावर मामा दुकानात जाऊन ‘शुगर फ्री’ लिहिलेला पुडा घेऊन आले. शंभर ग्रॅमला अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर नसेल तरच ‘शुगर फ्री’ लिहिता येतं, तेव्हा दावा खोटा नव्हता. पण तक्त्यात कार्बोहायड्रेटची ओळ होती 66 ग्रॅम. म्हणजे साखर गेली तरी मैदा जागेवरच. मैद्याचं पोटात शेवटी ग्लुकोजच होतं. यादीत ‘माल्टोडेक्स्ट्रिन’ असेल तर तेही बघावं. ही स्टार्च तोडून केलेली पावडर आहे. व्याख्येनुसार ती ‘शुगर’च्या ओळीत मोजली जात नाही, पण रक्तातली साखर ती झपाट्यानं वाढवते.

सूनबाईंनी मग भाकरीशी तुलना केली. साठेक ग्रॅम पिठाच्या मध्यम ज्वारीच्या भाकरीत कार्बोहायड्रेट 40 ग्रॅमच्या आसपास. मामांच्या आठ बिस्किटांत, 64 ग्रॅमला 68 टक्क्यांनी, साडेत्रेचाळीस ग्रॅम. म्हणजे जेवणाव्यतिरिक्त रोज एका भाकरीपेक्षा थोडं जास्तच पोटात जात होतं, आणि घरातलं कुणीच ते मोजत नव्हतं. डॉक्टर ‘जेवणात किती भाकरी खाता?’ असं विचारत होते आणि मामा खरं तेच उत्तर देत होते, ‘दीड.’ बिस्किटांचं कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. गोळ्यांचं प्रमाण डॉक्टर या उत्तरावर ठरवतात, त्यामुळं चहासोबतचं खाणंही तिथं सांगायला हवं.

ट्रान्स फॅट शून्य, मग खारी खायला हरकत नाही?

त्याच घरात दुसरा प्रश्न खारीचा निघाला. बिस्किटं कमी करायची तर खारी बरी, ती गोड नसते, असं आत्यांचं मत पडलं. बाजारात एक पुडाबंद खारी मिळते आणि एक बेकरीची सुटी, किलोवर.

आधी ट्रान्स फॅट म्हणजे काय ते बघू. सोयाबीन, सूर्यफूल अशी तेलं घरातल्या उष्णतेत पातळ राहतात. खारीला पापुद्रे सुटायला घट्ट चरबी लागते, पातळ तेल पिठात मुरून जातं. तेल स्वस्तात घट्ट करण्यासाठी कारखान्यात ते तापवून त्यात निकेलच्या मदतीनं हायड्रोजन वायू मिसळतात. त्यातूनच वनस्पती तूप, म्हणजे डालडा म्हणून आपण ओळखतो ते, तयार होतं. ही क्रिया अर्धवट ठेवली की तेलाच्या काही कणांचा आकार बदलतो. मूळचा वाकडा कण सरळ होतो. या बदललेल्या कणांना ट्रान्स फॅट म्हणतात. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल ते वाढवतं आणि चांगलं कमी करतं. हृदयाच्या नळ्यांना म्हणून ते साध्या चरबीपेक्षा जास्त घातक आहे.

पूर्वी वनस्पती तुपात याचं प्रमाण बरंच असायचं. एफएसएसएआयनं ते टप्प्याटप्प्यानं खाली आणलं. 2021 साली मर्यादा तीन टक्क्यांवर आली आणि 1 जानेवारी 2022 पासून दोन टक्क्यांवर. ही मर्यादा तेल-तुपाला आहे, तशीच पदार्थात वापरलेल्या चरबीलाही आहे. म्हणजे शंभर ग्रॅम खारीत 30 ग्रॅम चरबी असेल तर तिच्यात कारखान्यात तयार झालेलं ट्रान्स फॅट 0.6 ग्रॅमच्या वर नको. नियम पाळणाऱ्या कंपनीच्या पुडाबंद मालात ट्रान्स फॅटची भीती आज पूर्वीइतकी राहिलेली नाही, हे मान्य करायला हवं.

पुढच्या बाजूला ‘ट्रान्स फॅट फ्री’ लिहायचं असेल तर शंभर ग्रॅमला 0.2 ग्रॅमपेक्षा कमी असावं लागतं. म्हणजे ‘फ्री’ म्हणजे अगदी टिपूसही नाही असं नव्हे. दिवसाला दोन ग्रॅमची वरची मर्यादा धरली तर इतकं थोडं चालून जाण्यासारखं आहे.

गोम पुढच्या ओळीत आहे. ट्रान्स फॅट काढलं तरी खारीला घट्ट चरबी लागतेच. ती आता बहुतेक वेळा पाम तेलातून येते. पाम तेल हायड्रोजन न घालताच अर्धं घट्ट असतं, कारण त्याचा जवळजवळ निम्मा भाग ‘सॅच्युरेटेड फॅट’ असतो. त्यात ट्रान्स नसतं, पण सॅच्युरेटेड फॅटही वाईट कोलेस्टेरॉल वाढवतंच. आत्यांनी आणलेल्या पुडाबंद खारीवर ट्रान्स फॅट 0 होतं, आणि त्याच्या लगेच वर सॅच्युरेटेड फॅट 15 ग्रॅम. दिवसाची मर्यादा लेबलच्या नियमात 22 ग्रॅम धरलेली आहे. चार खाऱ्या, समजा साठ ग्रॅम, म्हणजे नऊ ग्रॅम एका चहासोबत. वर दिवसभरातलं दूध, तूप, भाजीचं तेल वेगळंच. शून्याचा आकडा बघून पुडा पिशवीत टाकणाऱ्याची नजर या ओळीवर जातच नाही.

घटकांच्या यादीत ‘पाम ऑईल’, ‘पामोलिन’, ‘इंटरएस्टरिफाइड व्हेजिटेबल फॅट’, ‘हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट’, ‘मार्गारिन’, ‘बेकरी शॉर्टनिंग’ यांपैकी काही दिसलं की सॅच्युरेटेडची ओळ वाचायची. ‘पार्शली हायड्रोजनेटेड’ असे शब्द दिसले तर ट्रान्स फॅटची ओळही नीट बघायची, कारण अर्धवट हायड्रोजन घातलेलं तेल ते हेच.

घरच्या तुपाबद्दल अनेकजण विचारतात. दूध, तूप, मटणात थोडं ट्रान्स फॅट निसर्गतःच असतं. पुड्यावरच्या ओळीत ते मोजत नाहीत, तिथं फक्त कारखान्यातलं येतं. तुपाचा हिशेब करायचा तो सॅच्युरेटेडचा, आणि तो चमच्यानं खातो त्याला जमतो, वाटीनं खातो त्याला जमत नाही.

सुट्या मालाला तक्ताच नाही

आता बेकरीची सुटी खारी. तिच्यावर काहीच लिहिलेलं नाही. दोन टक्क्यांचा नियम तिच्या चरबीलाही लागू आहे, पण गिऱ्हाईकाला ते तपासायचा रस्ता नाही. टोस्ट, नानकटाई, खारी, गाड्यावरचा वडा, किलोवर मिळणारी शेव, सगळ्याची हीच गत. आपण सगळ्यात जास्त खातो ते नेमकं हेच.

इथं एक गोष्ट करता येते. बेकरीवाल्याला ‘कशात करता?’ असं विचारलं तर ‘चांगल्या तेलात’ एवढंच उत्तर मिळतं. त्यापेक्षा ‘दादा, तो चरबीचा डबा किंवा खोकं बघू द्या’ असं म्हणावं. त्या डब्यावर तक्ता छापलेला असतो. तिथं शंभर ग्रॅमला ट्रान्स फॅट दोनच्या आत आहे का आणि सॅच्युरेटेड किती, हे दोन आकडे वाचता येतात. नेहमीचं गिऱ्हाईक असेल तर गावातला बेकरीवाला दाखवतो. विनालेबल सुट्या डब्यातली चरबी वापरत असेल आणि दाखवायला टाळाटाळ करत असेल, तर तिथला माल घ्यावा की नाही ते ज्यानं त्यानं ठरवावं.

खारी खाल्ल्यावर टाळूला मेणासारखा थर चिकटून राहतो, गरम चहा प्यायल्यावरच सुटतो. तो थर म्हणजे तोंडाच्या उष्णतेनं न वितळलेली घट्ट चरबी. त्यावरून चरबी घट्ट आहे एवढंच कळतं, ती ट्रान्स आहे की सॅच्युरेटेड हे जिभेला सांगता येत नाही.

अगदी छोट्या पुड्यांचंही असंच होतं. शंभर चौरस सेंटीमीटरपेक्षा मोठा पृष्ठभाग नसलेल्या पुडीला तक्ता आणि घटकांची यादी छापण्यातून सूट आहे. गोळ्या-चॉकलेटच्या पुड्यांवर म्हणून काही सापडत नाही. ती माहिती ज्या मोठ्या पाकिटातून किंवा खोक्यातून त्या पुड्या येतात त्याच्यावर असते. दुकानदाराकडं ते खोकं बघायला मागता येतं. अक्षरं फार बारीक असतील तर मोबाइलनं फोटो काढून दोन बोटांनी मोठा करावा, चष्मा घरी राहिला तरी वाचता येतं.

सूनबाईंनी शेवटी पोरांच्या दुधात घालायच्या पावडरीचा डबाही उलटा केला. अ‍ॅडेड शुगर शंभरला 32. दोन मोठे चमचे, 25 ग्रॅम पावडर एका ग्लासात, म्हणजे आठ ग्रॅम साखर. दिवसातून दोन ग्लास, सोळा ग्रॅम. वर दूध गोड लागावं म्हणून आजी ग्लासात एक चमचा साखर वेगळी घालत होत्या. ती वरची साखर आता बंद झालीय, पावडर अर्धी झालीय. मामांनी बिस्किटं आठवरून दोनवर आणलीत आणि चहासोबत मूठभर भाजलेले फुटाणे घेतायत. खारीचा पुडा मात्र आत्यांनी परत केला नाही. ‘संपल्यावर बघू,’ म्हणाल्या.